लंडन, सांगली, मेलबर्न: उलट फिरणारी घड्याळं आणि रविवारच्या कॉलची एक पक्की वेळ

डिसेंबरात मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट बघायची तर आपल्याकडं पहाटे पाचला उठावं लागतं. तिथं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढं. उन्हाळ्यात लॉर्ड्सवर सकाळी अकराला पहिला चेंडू पडतो तेव्हा सांगलीत दुपारचे साडेतीन झालेले असतात, म्हणजे लंडन साडेचार तास मागं. क्रिकेट बघणाऱ्याला हे दोन आकडे तोंडपाठ असतात. घोटाळा होतो तो हे दोन आकडे एकत्र करून ‘लंडन आणि मेलबर्नमध्ये दहा तासांचा फरक’ असं गणित मांडल्यावर. डिसेंबरात हा फरक अकरा तासांचा असतो, जुलैत नऊ तासांचा. दहा तासांचा फरक वर्षातून फक्त चार-पाच आठवडे टिकतो, आणि कॉल चुकतात ते बहुतेक त्याच आठवड्यांत.

सांगली-मिरजेत असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या विश्रामबागेतल्या शेजारच्या काकूंचंच उदाहरण घेतो. थोरला लंडनला, धाकटी मेलबर्नला, आणि रविवारी तिन्ही घरं एकदम व्हिडिओ कॉलवर यायला हवीत असा काकूंचा हट्ट. धाकटीची मुलगी रात्री आठला झोपते, थोरला रविवारी साडेआठच्या आत डोळे उघडत नाही. या दोन अटी पाळून वर्षभर न बदलणारी वेळ निघते का? निघते. ती कशी काढायची आणि कुठं घसरायला होतं, ते टप्प्याटप्प्यानं बघू.

आधी कारण: घड्याळ का सरकतं आणि उलट का सरकतं

सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडं जूनमधला सर्वात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर जातो, तर डिसेंबरमधला सर्वात लहान दिवस अकरा तासांच्या थोडा वर असतो. दोन्हींत दोन तासांचा फरक. जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, डिसेंबरात सातला पाच मिनिटं कमी असताना. एवढ्याशा फरकासाठी घड्याळाला हात लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

लंडन ५१ अंशांच्याही वर आहे. तिथं जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या पुढं जातो आणि डिसेंबरचा आठ तासही भरत नाही. घड्याळ तसंच ठेवलं तर जूनमध्ये पहाटे पावणेचारला उजाडेल, आणि तो उजेड लोक झोपेत असतानाच वाया जाईल. म्हणून उन्हाळा लागायच्या आधी काटे एक तास पुढं घ्यायचे. सूर्य उगवायचा तेव्हाच उगवतो, पण घड्याळात तेव्हा पावणेपाच वाजलेले असतात आणि वाचलेला तास संध्याकाळी हाताशी येतो. थंडीच्या तोंडावर काटे पुन्हा मूळ जागी आणायचे. याला तिकडं समर टाइम किंवा डेलाइट सेव्हिंग म्हणतात. ही कल्पना तपशिलानं मांडणाऱ्या पहिल्या लोकांत न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन होते. दिवसा पोस्टात नोकरी आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करायचा नाद, त्यामुळं संध्याकाळचा उजेड त्यांना हवाच होता. १८९५ मध्ये त्यांनी एक नाही, दोन तास घड्याळ सरकवायची सूचना केली होती. देशभर ते पहिल्यांदा अमलात आलं १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, आधी जर्मनीत आणि काही आठवड्यांत ब्रिटनमध्ये.

आता ‘उलट’ म्हणजे काय ते बघा. मेलबर्नही आपल्या उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढंच घेतं. नियम लंडनचाच आहे. पण पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळं उत्तर गोलार्ध सूर्याकडं झुकलेला असतो तेव्हा दक्षिण गोलार्ध लांब गेलेला असतो. मार्चच्या शेवटी लंडनला वसंत सुरू होतो आणि मेलबर्नला पानगळ. त्यामुळं लंडन जेव्हा उन्हाळ्याच्या तयारीला काटे पुढं घेतं, त्याच सुमाराला मेलबर्न उन्हाळा संपला म्हणून काटे मागं आणतं. ऑक्टोबरात दोघांची अदलाबदल होते.

एकानं एक तास पुढं जायचं आणि दुसऱ्यानं एक तास मागं यायचं, म्हणून दोघांमधलं अंतर एकूण दोन तासांनी बदलतं. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ‘परदेशात मार्चमध्ये घड्याळ पुढं घेतात’ एवढंच माहीत असलेला माणूस दोन्हीकडं एकेक तास मिळवतो आणि फरक तोच राहिला असं समजतो. त्याचं उत्तर मग बरोबर दोन तासांनी चुकतं.

पायरी १: प्रत्येक गावाचा आकडा यूटीसीपासून लिहा

दोन गावांची थेट तुलना करू नका. दोघांनाही यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेपासून मोजा. लंडन हिवाळ्यात यूटीसीवरच असतं, म्हणजे शून्य, आणि उन्हाळ्यात अधिक १. मेलबर्न त्यांच्या हिवाळ्यात अधिक १०, उन्हाळ्यात अधिक ११. सांगली बारा महिने अधिक साडेपाच. (भारतातही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळ तासभर पुढं होतं.)

आता हे आकडे शेजारी मांडून बघा. डिसेंबरात लंडन ०, सांगली साडेपाच, मेलबर्न ११. शून्य आणि अकराच्या बरोबर मध्ये साडेपाच येतात. जुलैत लंडन १, सांगली साडेपाच, मेलबर्न १०. एक आणि दहाच्या मध्येही साडेपाचच. म्हणजे आपली वेळ या दोन शहरांच्या ऐन मध्यावर आहे आणि दोन्ही ऋतूंत तिथंच राहते. लंडनच्या हिवाळ्यात दोघं आपल्यापासून साडेपाच-साडेपाच तासांवर असतात, उन्हाळ्यात साडेचार-साडेचार तासांवर. आपल्या अर्ध्या तासाला परदेशातले लोक नावं ठेवतात, पण या जोडीपुरता तो अर्धा तास नेमका कामाला येतो. पुढची सगळी युक्ती यावरच उभी आहे.

पायरी २: चार रविवार शोधा

लंडनचा नियम असा: मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे पुढं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. मेलबर्न आणि सिडनीचा असा: एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढं.

या नियमांतून एक सोयीची गोष्ट निघते. मार्चचा शेवटचा रविवार आणि एप्रिलचा पहिला रविवार लागोपाठचे असतात, त्यामुळं एका शहराचं घड्याळ सरकलंय आणि दुसऱ्याचं अजून सरकायचंय असा वसंतातला मधला काळ दरवर्षी बरोबर एक आठवडा. ऑक्टोबरात मात्र पहिल्या आणि शेवटच्या रविवारात कधी तीन, कधी चार आठवडे असतात. महिन्यात पाच रविवार आले की चार, नाहीतर तीन.

२०२६ साठी हे चार रविवार म्हणजे २९ मार्च, ५ एप्रिल, ४ ऑक्टोबर आणि २५ ऑक्टोबर. २०२७ साठी २८ मार्च, ४ एप्रिल, ३ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर. २०२७ च्या ऑक्टोबरात पाच रविवार आहेत, म्हणून मधला काळ चार आठवड्यांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या चार तारखांना पेनानं गोल करा आणि कुठलं शहर, पुढं की मागं, एवढंच शेजारी लिहा.

बदल नेमका किती वाजता होतो, हेही एकदा सांगलीच्या घड्याळात काढून ठेवा, कारण आपला कॉल रविवारीच आहे. लंडनचा बदल दोन्ही वेळा यूटीसीच्या रात्री एकला होतो. सांगलीत तेव्हा रविवारची सकाळ, साडेसहा. मेलबर्नचा बदल त्यांच्या प्रमाण वेळेनुसार रविवारी पहाटे दोनला, म्हणजे सांगलीत शनिवारी रात्री साडेनऊला. मेलबर्नचं घड्याळ आपण जेवून उठतो तेव्हाच सरकलेलं असतं, लंडनचं आपण चहा घेतो तेव्हा. रविवार दुपारच्या कॉलसाठी दोन्ही बदल आधीच झालेले असतात. त्यामुळं ‘आज बदल आहे, मग आज जुनी वेळ धरायची का नवी?’ या शंकेला जागा नाही. त्या रविवारपासून नवी.

पायरी ३: वर्षाचे चार तुकडे पाडा

२०२६-२७ चे तुकडे असे पडतात:

| काळ | लंडन सांगलीच्या मागं | मेलबर्न सांगलीच्या पुढं | दोघांतलं अंतर |
|---|---|---|---|
| २९ मार्च ते ४ एप्रिल २०२६ | साडेचार तास | साडेपाच तास | १० तास |
| ५ एप्रिल ते ३ ऑक्टोबर २०२६ | साडेचार तास | साडेचार तास | ९ तास |
| ४ ते २४ ऑक्टोबर २०२६ | साडेचार तास | साडेपाच तास | १० तास |
| २५ ऑक्टोबर २०२६ ते २७ मार्च २०२७ | साडेपाच तास | साडेपाच तास | ११ तास |

पहिली आणि तिसरी ओळ सारखीच आहे. दोन्ही मधल्या काळांत लंडन आणि मेलबर्न दोघांकडंही उन्हाळी वेळ चालू असते. दोघं एकाच वेळी हिवाळी वेळेवर आहेत असं या जोडीत कधीच होत नाही, कारण ऑस्ट्रेलिया एप्रिलपर्यंत आणि ब्रिटन ऑक्टोबरअखेरपर्यंत उन्हाळी वेळ धरून बसतं. हे एकदा डोक्यात बसलं की ‘लंडन साडेपाच तास मागं आणि मेलबर्न साडेचार तास पुढं’ असं कुणी सांगितलं तर तिथंच थांबवता येतं. तशी तारीख वर्षात नाही.

तिकडं बरीच वर्षं काढलेले जुने लोक ‘आमच्या वेळी दहा तासांची भानगड नव्हती’ म्हणतात. त्यांचं खरं आहे. २००७ पर्यंत मेलबर्न-सिडनीचे बदल साधारणपणे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्याच रविवारी होत, म्हणजे लंडनच्याच दिवशी. फरक एका रात्रीत अकरावरून नऊवर यायचा. दहा तास असायचे ते सांगलीच्या शनिवार रात्री साडेनऊपासून रविवार सकाळी साडेसहापर्यंत, आपण झोपेत असताना. २००८ पासून तिथल्या राज्यांनी उन्हाळी वेळ दोन्ही बाजूंनी वाढवली आणि हा मधला काळ तयार झाला. दोन-तीन दशकांपूर्वीची कुणाची वही हातात आली तर ती वापरू नका.

पायरी ४: सर्वात अवघड तुकड्यात वेळ बसवा

आता काकूंचा कॉल. थोरल्याची अट: लंडनच्या साडेआठच्या आधी नाही. धाकटीची अट: मुलगी आठला झोपते, म्हणजे अर्धा तास बोलायचं तर मेलबर्नच्या साडेसातच्या आत सुरुवात.

सगळ्यात अडचण होते ती अंतर सर्वात जास्त असतं तेव्हा, म्हणजे २५ ऑक्टोबर ते मार्चअखेर. तेव्हा लंडनचे सकाळी साडेआठ म्हणजे सांगलीचे दुपारी दोन, कारण साडेआठ अधिक साडेपाच. मेलबर्नचे संध्याकाळी साडेसात म्हणजे साडेसात वजा साडेपाच, पुन्हा सांगलीचे दुपारी दोनच. दोनच्या आधी थोरला झोपेत, दोननंतर नात अंथरुणात. जागा मुंगीच्या पावलाएवढीच, पण आहे.

हीच वेळ बाकीच्या तुकड्यांत तपासा. मधल्या काळात सांगलीचे दोन म्हणजे लंडनचे साडेनऊ आणि मेलबर्नचे साडेसात. एप्रिल ते सप्टेंबर लंडनचे साडेनऊ आणि मेलबर्नचे साडेसहा. सगळीकडं दोन्ही अटी पाळल्या जातात आणि थोडी मोकळीकही मिळते. हा योगायोग नाही. सांगलीची वेळ धरून ठेवली तर अवघड तुकड्यातून बाहेर पडताना लंडनचं घड्याळ फक्त पुढं जाऊ शकतं, म्हणजे थोरल्याला उशिरा उठता येतं. मेलबर्नचं फक्त मागं येऊ शकतं, म्हणजे नातीला झोपायला वेळ उरतो. म्हणून अकरा तासांच्या तुकड्यात वेळ जमली की वर्षभर जमते, आणि तिथं जमली नाही तर दुसऱ्या तुकड्यात बघून हुरळून जायचं नाही. पुष्कळ लोक हे जुलैत ठरवतात, तेव्हा नऊच तासांचं अंतर असतं आणि सगळं सोपं वाटतं. नोव्हेंबर उजाडला की थोरल्याच्या घरी सकाळी साडेसातला फोन वाजायला लागतो.

काकांची दुपारची झोप या हिशोबात मोडते. पण तो प्रश्न घड्याळाचा नाही.

पायरी ५: वेळ कुणाच्या घड्याळाला बांधायची

इथं बहुतेक घरं चुकतात. कॉल कुणीतरी एक जण ठरवतो आणि नकळत तो त्याच्या घड्याळाला बांधला जातो.

समजा थोरल्यानं सांगितलं, ‘दर रविवारी माझ्याकडं साडेआठ.’ त्याला वर्षभर साडेआठच. पण धाकटीकडं लंडनच्या हिवाळ्यात साडेसात, मधल्या काळात साडेसहा, एप्रिलनंतर साडेपाच. दोन तासांचा झोल, तोही दोन हप्त्यांत. आणि काकूंकडं कधी दोन, कधी एक.

समजा धाकटीनं बांधली: ‘माझ्याकडं संध्याकाळी साडेसात.’ मग थोरल्याकडं साडेआठ, साडेनऊ, साडेदहा, आणि सांगलीत एप्रिल ते सप्टेंबर दुपारी तीन.

सांगलीच्या दोनला बांधली तर दोन्ही मुलांकडं वर्षभरात एकेकच तासाचा फरक पडतो, आणि काकूंना काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. ज्याचं घड्याळ हलत नाही त्याच्या घड्याळाला वेळ बांधायची, कारण मग दोन्हीकडचे बदल एकावर एक साठत नाहीत, वाटले जातात. सांगलीत असं घड्याळ घरात फुकट आहे. लंडन-सिडनीच्या दोन कंपन्या आपसात बैठक लावतात तेव्हा त्यांच्याकडं ते नसतं आणि दोन तासांचा भार कुणातरी एकावर येतो.

कॅलेंडरमध्ये हे कसं घालायचं? गूगल कॅलेंडर संगणकावर उघडून दर रविवारचा कार्यक्रम बनवताना वेळेशेजारी `Time zone` असं दिसतं. तिथं कोलकात्याच्या नावाचा भारतीय वेळेचा पर्याय कार्यक्रमालाच लावायचा. सांगलीतून बनवला तर आपोआप लागतो. मुलांपैकी कुणी बनवला तर त्यांचं लंडन किंवा मेलबर्न लागतं, आणि दर आठवड्याचा कार्यक्रम त्याच शहराला चिकटून राहतो. म्हणून आमंत्रण सांगलीतून जाऊ दे. काकूंच्या फोनवरून पाठवलेलं आमंत्रण दोन्हीकडं आपोआप त्यांच्या वेळेत दिसतं, आणि बदलाच्या रविवारी योग्य तासाला सरकतं.

पायरी ६: पुढची तारीख तपासा, आजची नाही

फोनमधल्या वर्ल्ड क्लॉकवर लंडन आणि मेलबर्न लावून ठेवणं चांगलं, पण ते घड्याळ आजचा फरक दाखवतं. २० सप्टेंबरला ते बघून ११ ऑक्टोबरच्या मुंजीचं लाइव्ह किती वाजता दिसेल ते सांगितलंत तर मेलबर्नचा तास चुकणार, कारण मध्ये ४ ऑक्टोबर येऊन गेलेला असेल. बदलाच्या रविवाराच्या पलीकडची तारीख असेल तर ती तारीखच घालून विचारायचं. कॅलेंडरमध्ये त्या दिवशीचा कार्यक्रम तयार करून वेगळा टाइम झोन लावून बघता येतो. घरात लिनक्सचा संगणक असेल तर आणखी सोपं:

```
TZ=Europe/London date -d '2026-10-11 14:00 +0530'
TZ=Australia/Melbourne date -d '2026-10-11 14:00 +0530'
```

पहिली ओळ सकाळी साडेनऊ दाखवेल आणि दुसरी संध्याकाळी साडेसात. दोघांत दहा तास, म्हणजे तारीख मधल्या काळातली आहे हे ताडून झालं. मॅकवर `date` थोडं वेगळं वागतं, तिथं ही ओळ अशीच चालणार नाही.

वेळ लिहून पाठवताना संक्षिप्त अक्षरांवर विसंबू नका. `IST` आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही वापरतात, आणि `EST` अमेरिकेचं की ऑस्ट्रेलियाचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सर्वात जास्त फसवतं ते `GMT`. लंडनची माणसंसुद्धा जुलैत सवयीनं ‘नऊ जीएमटी’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ म्हणजे जीएमटीचे आठ असतात. त्यापेक्षा शहराचं नाव आणि तारीख लिहा: ‘रविवार ११ ऑक्टोबर, सांगली दुपारी २’.

चूक झाली तर ती किती तासांची आहे ते आधी बघा

कॉल चुकला की आधी चुकीचा आकडा मोजायचा. बरोबर एक तास चुकला असेल तर कुणा एकाच शहराचा बदल धरायचा राहिला आहे, किंवा आपण मधल्या काळात आहोत आणि ते ध्यानात आलेलं नाही. तारीख मार्चअखेरची किंवा ऑक्टोबरची असेल तर दुसरीकडं शोधायची गरजच नाही. बरोबर दोन तास चुकला असेल तर दोन्ही शहरांची घड्याळं एकाच दिशेनं हलवली गेली आहेत, किंवा कुणीतरी उलट्या ऋतूचा तक्ता वापरलाय. अर्ध्या तासाची चूक आली तर ती ऋतूंची नाही. सांगलीचे साडेपाच कुणीतरी पाच किंवा सहा धरलेत, किंवा धाकटी त्या दिवशी ॲडलेडला गेलीय, तिथलं घड्याळ मेलबर्नच्या अर्धा तास मागं असतं.

एखाद्याच फोनवर चूक दिसत असेल आणि बाकीच्यांचं बरोबर असेल तर तो फोन जुना आहे का बघा. बदलांचे नियम फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये यादीसारखे भरलेले असतात, आणि सरकारनं नियम बदलला तर अपडेट आल्याशिवाय फोनला कळत नाही. २००६ मध्ये मेलबर्नला राष्ट्रकुल स्पर्धा होत्या म्हणून उन्हाळी वेळ एक आठवडा लांबवली होती, तेव्हा संगणकांनाही वेगळ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. ब्राझीलनं २०१९ मध्ये घड्याळ हलवणं बंदच केलं. युरोपीय संसदेनंही २०१९ मध्ये ते बंद करायच्या बाजूनं मत दिलं होतं, पण तो निर्णय अमलात आलेला नाही. म्हणून वरच्या तारखा नियमावरून काढलेल्या आहेत, हे लक्षात ठेवून दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला एकदा ताडून बघा.

दक्षिणेकडचं शहर मागं असेल तर चित्र उलटं होतं

मेलबर्न लंडनच्या पुढं आहे, म्हणून उत्तरेच्या उन्हाळ्यात अंतर कमी होतं. हा नियम सगळ्या दक्षिण गोलार्धाला लावू नका. तासगावकडचे द्राक्षवाले चिलीचं नाव चांगलं ओळखतात, युरोपच्या बाजारात तिथलीही द्राक्षं जातात. चिलीची राजधानी सँटियागो लंडनच्या मागं आहे: त्यांच्या उन्हाळ्यात यूटीसी वजा ३, हिवाळ्यात वजा ४. जानेवारीत लंडन ० आणि सँटियागो वजा ३, म्हणजे अंतर तीन तास. जुलैत लंडन अधिक १ आणि सँटियागो वजा ४, म्हणजे पाच तास. बदल दोनच तासांचा, पण इथं उत्तरेच्या उन्हाळ्यात अंतर वाढतं. कारण पुढं असलेलं लंडन आणखी पुढं गेलं आणि मागं असलेलं सँटियागो आणखी मागं. चिलीच्या बदलाच्या तारखाही ऑस्ट्रेलियाच्या नाहीत, त्यांचं घड्याळ सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारीच पुढं जातं.

त्यामुळं नवीन शहर आलं की पहिला प्रश्न गोलार्धाचा नको. ते घड्याळ हलवतं का, हे आधी विचारा. दक्षिण आफ्रिका हलवत नाही. ऑस्ट्रेलियातही पर्थ, डार्विन आणि ब्रिस्बेन हलवत नाहीत. ब्रिस्बेनचं क्वीन्सलँड राज्य १९९२ च्या सार्वमतात उन्हाळी वेळेला नाही म्हणालं. ब्रिस्बेन आणि सिडनी जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, तरी ऑक्टोबर ते मार्च दोघांत तासाचा फरक असतो.

काकूंच्या धाकटीचं पुढच्या वर्षी ब्रिस्बेनला जायचं चाललंय. तसं झालं तर कॅलेंडरवरचे मेलबर्नचे दोन गोल खोडायचे आणि लंडनचे दोन तेवढे ठेवायचे. ब्रिस्बेन सांगलीच्या बारा महिने साडेचार तास पुढं, म्हणजे आपले दोन तिथं नेहमीच साडेसहा. नात आठपर्यंत जागी असल्यानं हिवाळ्यात कॉल तीनपर्यंत ढकलता येईल, तेव्हा लंडनला साडेनऊ वाजलेले असतील. काकांनी ते ऐकून लगेच होकार दिला.